अनुभवाच्या रकान्यात रेघ कशाला?

मागच्या महिन्यात ग्रामसंघाची बैठक संपली, सगळ्या उठल्या आणि एक ताई सतरंजी घडी करायच्या निमित्ताने मागे राहिल्या. पिशवीतून कागद काढून म्हणाल्या, "मॅडम, एवढं बघता का? एमआयडीसीत मसाल्याच्या कंपनीत स्टोअरला माणूस पाहिजे म्हणे." झेरॉक्सच्या दुकानात टाइप करून घेतलेला बायोडाटा होता. नाव, पत्ता, शिक्षण बारावी पास. आणि अनुभवापुढे एक आडवी रेघ.

या ताईंनी २०१८ ते २०२३ अशी पाच वर्षं मिरची पावडर आणि गोड्या मसाल्याचा उद्योग चालवला. हंगामात चार बाया कामाला असायच्या. मी विचारलं, रेघ का? तर म्हणाल्या, "बुडालेला धंदा काय लिहायचा? हसतील."

त्यांची संमती घेऊन, नाव न सांगता हे लिहितेय. कारण असे रेघ मारलेले बायोडाटे मी आणखीही पाहिलेत. ती रेघ बघून साहेबाला वाटतं की ही बाई पाच वर्षं घरीच होती.

पण नुसतं "मसाला उद्योगाची मालकीण" लिहूनही भागत नाही. स्टोअरला माणूस शोधणाऱ्याला मालकीण नको असते. माल मोजून घेणारी, लिहून ठेवणारी, मागितला की काढून देणारी बाई हवी असते. म्हणून आम्ही दोघींनी त्यांची जुनी वही काढली आणि त्या रोज नेमकं काय करायच्या ते शोधलं. मार्च-एप्रिलमध्ये बाजारातून मिरची घ्यायच्या, एका हंगामात साधारण १२ क्विंटल. पोतं उघडून ओल बघायच्या, ओली निघाली तर तिथल्या तिथे परत. देठ काढून, वाळवून, दळून १०० किलोचे ८८ ते ९० किलो हातात येतात, हा त्यांचा वहीतला हिशोब. आधी आलेलं पोतं आधी दळायचं, नाहीतर मागच्याला कीड लागते. दर शनिवारी शिल्लक पाकिटं मोजून वहीशी ताळा.

हेच तर स्टोअरचं काम! कंपनीत ते रजिस्टरमध्ये लिहितात आणि त्याला वेगळी नावं असतात, एवढाच फरक.

मग रेघेच्या जागी असं लिहिलं: "जून २०१८ ते मे २०२३, स्वतःचा मसाला उद्योग. कच्च्या मालाची खरेदी, तपासणी व साठवण (हंगामी १२ क्विंटल मिरची). आवक-जावक नोंदवही, आठवड्याला साठा मोजणी. २०० ग्रॅमच्या पाकिटांचं वजन व पॅकिंग, ४ महिला कामगारांवर देखरेख. ११ दुकानांना नियमित पुरवठा." बस, एवढंच. "मॅनेजर" असलं काही लिहू दिलं नाही, कारण पुढचा प्रश्न त्यावरच येतो आणि मग अडखळायला होतं.

आता पुरावा. नोकरी केलेल्या माणसाकडे अनुभवाचा दाखला असतो. आपणच मालक, तर आपल्याला दाखला कोण देणार? ताईंचे दीर म्हणाले, माझ्या दुकानाच्या लेटरहेडवर लिहून देतो, "इथे नोकरीला होत्या" म्हणून. हे करू नका. मोठ्या कंपनीत जुन्या पगाराची स्लिप आणि पीएफचा नंबर मागतात. तो नसला की खोटं उघडं पडतं, आणि मग खऱ्या पाच वर्षांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. त्याऐवजी उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र, अन्न परवान्याची प्रत, मिरची खरेदीच्या चार-पाच पावत्या आणि एका दुकानदाराचं पत्र घेतलं. पत्रात दोनच ओळी: किती वर्षं माल घेतला आणि वेळेवर मिळाला का. कागदांवरचे महिने आणि बायोडाटातले महिने मात्र जुळवून घ्या.

खरी गाठ मुलाखतीत होती. मी साहेब झाले आणि विचारलं, "धंदा का बंद पडला?" ताई म्हणाल्या, "नशीब साहेब. लोकांनी फसवलं." डोळ्यांत पाणी आलं. दुःख खरं होतं, पण समोरचा यातून एवढंच ऐकतो की हिला कारण माहीत नाही, आणि चूक झाली की ही दुसऱ्यावर ढकलेल.

पुन्हा वही उघडली. दुकानदारांची उधारी ४५ दिवसांची, मिरची मात्र रोखीने. २०२२ च्या हंगामात भाव चढला, तेवढ्याच पैशात माल कमी आला, आणि पाकिटाची किंमत ताईंनी दोन महिने उशिरा वाढवली. तिथे भांडवल खाल्लं गेलं. म्हणजे उत्तर असं झालं: "उधारीत पैसा अडकला, मिरची महागली आणि मी भाव उशिरा वाढवला. बायांची मजुरी चुकती करून मे २०२३ मध्ये बंद केलं. कर्जाचा हप्ता चालू आहे." तीन वाक्यं. आपली चूक एकदाच सांगायची आणि थांबायचं. ताईंना हे पाठ नव्हतं होत, कारण प्रत्येक वेळी त्या उधारी बुडवणाऱ्या दुकानदाराच्या नावावर यायच्या! चौथ्यांदा जमलं.

दुसरा प्रश्न हमखास येतो: "उद्या परत धंदा काढून आम्हाला सोडून जाल?" यावर "कध्धीच नाही" म्हटलं तर कुणाला पटत नाही. ताईंनी खरं तेच सांगायचं ठरवलं, की कांडप मशीन विकलंय आणि घरात दरमहा ठरलेला पैसा लागतो. तिसरा प्रश्न मीच काढला: "सुपरवायझर चोवीस वर्षांचा आहे, त्याचं ऐकाल का?" माझ्याकडे बघून ताई हसल्या आणि म्हणाल्या, "तुमचं ऐकतेच की." मग म्हणाल्या, "एकदा पाकिटं १९५ ग्रॅमची भरली म्हणून दुकानदाराने ४० पाकिटं परत केली. भांडले नाही, सगळी पुन्हा तोलली." मी म्हटलं, हेच सांगा.

कर्जाबद्दल एक वेगळं सांगते. स्टोअरच्या नोकरीत सहसा सिबिल बघत नाहीत. पण फायनान्स कंपनीत वसुलीच्या किंवा फील्डच्या कामाला अर्ज करणार असाल तर ते बघतात. बँकेने तडजोड करून कमी पैसे घेतले असतील तर अहवालात "सेटल्ड" असं लागतं. पूर्ण फेडीनंतरचं "क्लोज्ड" वेगळं. हा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो आधी बघून जा. आणि जीएसटी नंबर घेतला असेल तर तो रद्द करून घ्या. दुकान बंद असलं तरी विवरणपत्र भरावंच लागतं, नाहीतर दंड चढत राहतो.

ताईंना त्या कंपनीने घेतलं नाही. मुलाखत चांगली झाली, पण रजिस्टर संगणकावर होतं आणि त्यांना एमएस-सीआयटी झालेली बाई हवी होती. पुढच्या आठवड्यात लोणच्याच्या एका युनिटमध्ये त्या लागल्या, पण ठेकेदारामार्फत आणि हेल्परच्या पगारावर. पाच वर्षांचा अनुभव पगारात धरला नाही. ताईंनी विचारलंही, तर म्हणाले, सहा महिन्यांनी बघू. आवक मालाच्या काट्यावर मात्र त्यांनाच बसवलंय. एमएस-सीआयटीच्या संध्याकाळच्या बॅचला त्यांनी नाव घातलंय, आणि सहा महिने कधी पूर्ण होतात ती तारीख त्याच जुन्या वहीत लिहून ठेवलीय.