होल्ड टाकला, पुढे काय?

मीटिंग पुढच्या महिन्यात घ्यायची हे ठरलेलं असतं, पण कागद तयार नसतात आणि कोण कोण बसणार हेही पक्कं नसतं. सगळं ठरेपर्यंत थांबावं तर ज्यांना बोलवायचं त्यांचे दिवस भरून जातात. म्हणून हल्ली ऑफिसांत सर्रास ‘होल्ड’ टाकतात, म्हणजे लोकांच्या कॅलेंडरवर एक तास कच्चा धरून ठेवतात. टाकणारा निर्धास्त होतो. समोरच्याचा मात्र तेवढा तास अडकतो आणि तो कधी सुटणार हे त्याला कुणी सांगत नाही. सहा जणांसाठी तासाभराच्या तीन वेळा धरल्या, तर एका मीटिंगपायी अठरा माणसी तास अडतात आणि त्यातले बारा हमखास वाया जाणार असतात. दोन वेळा धरल्या की बहुतेक कामं भागतात. तिसरी धरायची ती बाहेरगावचा कुणी खरोखर अडलेला असेल तरच.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका कंपनीला शिकागोच्या ग्राहकाशी कराराच्या अटींवर व्हिडिओ कॉलवर बोलायचंय. इकडून उत्पादन विभागाचे प्रमुख आणि विधी विभागाच्या बाई, तिकडून ग्राहकाचे खरेदी व्यवस्थापक. मसुदा वकिलांकडून यायचाय. तारीख आहे 24 फेब्रुवारी 2026. मीटिंग जमवण्याचं काम ज्यांच्याकडे आहे, त्या सहायक बाई दोन मंगळवार धरतात, 10 मार्च आणि 17 मार्च, दोन्ही दिवशी संध्याकाळी साडेसहा. त्याच आठवड्यातला 19 मार्च त्यांनी आधीच वगळलेला असतो, कारण त्या दिवशी पाडवा आहे आणि शिकागोवाल्यांना ते कळायचं काही कारण नाही.

होल्डसोबत त्या जो मजकूर पाठवतात, तो असा: ‘नमस्कार सर. कराराच्या अटींवरच्या चर्चेसाठी 10 आणि 17 मार्च, संध्या. 6.30 ते 7.30 या वेळा तात्पुरत्या धरल्या आहेत. यातली एकच वापरू. मसुदा वकिलांकडून आला की वेळ पक्की होईल. मंगळवार 3 मार्चला दुपारी 12 पर्यंत कोणती ठेवली, कोणती सोडली ते मी कळवते. त्याआधी तुम्हाला यातली एखादी वेळ दुसऱ्या कामाला लागली, तर मला फक्त सांगा.’

मजकूर साधा आहे, पण वेळ कशामुळे अडली आहे, कधीपर्यंत अडणार आहे आणि ती सोडवायची कुणी, हे तिन्ही त्यात आहे. माझ्या मते 3 मार्चची ती ओळ यातली सर्वांत मोलाची. ‘लवकरच कळवतो’ असं लिहिलेला होल्ड कुणी गांभीर्याने घेत नाही. आठवडाभराने लोक त्यावरच दुसरी मीटिंग टाकतात आणि त्यांना दोष देता येत नाही.

आता थोडं यंत्राविषयी. आउटलुकमध्ये मीटिंग बनवताना Show As या खान्यात Tentative निवडता येतं. मग ती वेळ भरीव पट्टीऐवजी तिरक्या रेघांची दिसते. गंमत अशी की साधं, पक्कं निमंत्रण आलं आणि तुम्ही अजून उत्तर दिलं नसलं, तरी आउटलुक ते तुमच्या कॅलेंडरवर तसंच रेघारेघांचं मांडून ठेवतं. म्हणजे बोलावणाऱ्याचंच ठरलेलं नाही, की येणाऱ्याने होकार कळवलेला नाही, हे रेघांवरून ओळखता येत नाही. म्हणून मथळ्यातच HOLD: लिहायचं. गूगल कॅलेंडरमध्ये बोलावणाऱ्याला Busy आणि Free एवढेच दोन पर्याय असतात. ‘कच्चंच तर आहे’ म्हणून Free निवडलं, तर वेळ शोधणाऱ्या प्रत्येकाला तो तास रिकामा दिसतो आणि होल्ड टाकून न टाकल्यासारखा होतो. तिथे Busy ठेवावं आणि कच्चेपणा मथळ्यावर सोपवावा. मथळ्यात गुपित मात्र नको, कारण कॅलेंडर इतरांनाही दिसत असतं. ‘HOLD: अमुक पदासाठी मुलाखत’ एवढ्यावरून जागा रिकामी होतेय हे अख्ख्या मजल्याला कळू शकतं.

शिकागोच्या बाबतीत आणखी एक खाच आहे. अमेरिकेतली घड्याळं 8 मार्च 2026 ला तासभर पुढे जातात. फेब्रुवारीत आपले साडेसहा म्हणजे त्यांचे सकाळचे सात. 10 मार्चला तेच साडेसहा म्हणजे त्यांचे आठ. कॅलेंडर हा हिशेब आपोआप करतं, पण ‘नेहमीच्या वेळेला’ असं मेलमध्ये लिहिणारा माणूस करत नाही. ग्राहकाचे व्यवस्थापक सातलाच येऊन बसतील, तेव्हा पुण्यात साडेपाच झालेले असतील. म्हणून बाईंनी शिकागोच्या मेलमध्ये दोन्हीकडची घड्याळाची वेळ आकड्यांत लिहिली.

शनिवारी 28 तारखेला विधी विभागाच्या बाईंचा फोन आला, ‘17 ला संध्याकाळी मला मुंबईत बोलावलंय. जाऊ का?’ असा फोन आला याचा अर्थ होल्ड नीट टाकला होता. परदेशातल्या मैफलींच्या सभागृहांत यासाठी रूढ पद्धत आहे. एकाच तारखेवर पहिला होल्ड, दुसरा होल्ड असे क्रम लागतात. दुसऱ्याचं नक्की झालं की तो पहिल्याला आव्हान देतो आणि पहिल्याने बहुधा एक-दोन दिवसांत तारीख पक्की करायची किंवा सोडायची. ऑफिसात असे क्रम नसतात, पण पक्क्या कामाने विचारलं की कच्च्याने ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यायचं, एवढं तिथूनही घेता येतं. सहायक बाईंनी सोमवारी सकाळपर्यंत वेळ मागितली आणि वकिलांना फोन लावला. मसुदा सोमवारी येणार होता. 10 तारीख पुरेशी होती. बाई मुंबईला मोकळ्या झाल्या.

मग पक्कं करणं आणि सोडणं एकाच बैठकीत. पक्कं करताना जुना होल्ड पुसून नवं निमंत्रण पाठवायचं नाही. त्याच नोंदीचा मथळा बदलायचा, मसुदा आणि कॉलची लिंक जोडायची, Tentative काढून Busy करायचं आणि बदल सगळ्यांना पाठवायचा. प्रत्येक नोंदीला आतून एक ओळख क्रमांक असतो. तो तोच राहिला की सगळ्यांच्या फोनवरची जुनी नोंद आपोआप बदलते. नवी पाठवली तर काहींच्या कॅलेंडरवर एकाच वेळेला दोन मीटिंगा दिसतात आणि कोणत्या लिंकवर जायचं यावर पहिली दहा मिनिटं जातात.

सोडताना लोक जास्त चुकतात. होल्ड टाकणाऱ्याने तो फक्त आपल्या कॅलेंडरवरून पुसला आणि रद्द झाल्याचा निरोप गेलाच नाही, तर इतरांकडे तो तसाच राहतो. आपल्याला वाटतं सोडला. तिकडे उत्पादन प्रमुख 17 ची संध्याकाळ अजून राखून बसलेले असतात. म्हणून रद्दचा निरोप पाठवायचा आणि त्यात दोनच ओळी: ‘चर्चा 10 मार्चला पक्की झाली. 17 ची वेळ मोकळी केली आहे, धरून ठेवल्याबद्दल आभार.’ लांबलचक माफी नको. ती वाचायलाही वेळच जातो.

आणि 3 मार्चच्या दुपारपर्यंत मसुदा आलाच नसता तर? तरी बाराला निरोप गेलाच असता: ‘मसुदा आलेला नाही. 10 ची वेळ सोडते आहे. 17 ची तेवढी 9 तारखेपर्यंत धरून ठेवू का?’ मुदत वाढवायची तर विचारून आणि एकदाच. 9 तारखेलाही काही नसेल, तर 17 चीही वेळ सोडायची आणि मसुदा हातात आल्यावर नव्याने वेळ मागायची.