आईला न ओळखणारं बाळ

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातली अनेक गावं ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते. काही मुलं आईबापांबरोबर फडावर जातात, काही गावात आजीजवळ राहतात. मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला की आईबाप परततात आणि दीड-दोन वर्षांचं लेकरू आईला पाहून आजीच्या पदराआड लपतं. आईच्या जिवाला हे फार लागतं.

असं का होतं? साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाळ ठरावीक माणसांना घट्ट बिलगू लागतं. या वयातल्या ताटातुटीचा अभ्यास ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी आणि त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी केला. आधी मूल रडून आकांत करतं, मग गप्प, उदास होतं आणि शेवटी आई आली तरी तिच्याशी अलिप्त वागतं. पुढे जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन यांनी 1969 मध्ये जॉन नावाच्या 17 महिन्यांच्या मुलावर चित्रपट केला. तो नऊ दिवस एका शिशुगृहात होता. तिथल्या सेविका सतत बदलत, त्यामुळे त्याला धरून राहायला कुणीच उरलं नाही आणि तो खचत गेला. याच दांपत्याने आपल्या घरी सांभाळलेली मुलं मात्र बरीच सावरली, कारण त्यांना जवळ घेणारं माणूस कायम तेच होतं.

गावाकडची आजी नेमकी हीच जागा भरते. म्हणून काळजी रडणाऱ्या मुलाची नाही. ते आजीच्या कुशीत शांत होत असेल तर त्याचा आधार शाबूत आहे. दुखलं-खुपलं तरी जे कुणाकडेच जात नाही, किंवा कोणत्याही अनोळखी माणसाला सहज बिलगतं, त्या मुलाकडे लक्ष द्यायला हवं. आजीच आजारी किंवा थकलेली असेल, तर हा आधारही डळमळतो.

आपण आईच्या जाण्याचा विचार करतो. पण आई परतल्यावर मूल लगेच आजीपासून तोडलं, तर त्याची दुसरी ताटातूट होते. दोन वर्षांच्या मुलीचं उदाहरण घेऊ. आई आल्यावर पहिले काही दिवस आजीनेच भरवावं, आईने शेजारी बसावं. मग आजी समोर असताना आईने न्हाऊ घालावं आणि मुलगी आपणहून जवळ येऊ लागली की रात्री कुशीत घ्यावं. याला काही आठवडे लागू शकतात. “आईला विसरलीस का गं?” असं म्हणून तिला ओढू नये. पुन्हा निघताना, ती झोपलेली पाहून गुपचूप जाऊ नये. सांगून गेल्यास ती रडेल, पण एरवीही डोळा लागला की आई नाहीशी होईल, ही धास्ती तिच्या मनात बसणार नाही.

लपणाऱ्या मुलीची माया आटलेली नसते. आजीवर जीव लावता आला, म्हणजे आईवर पुन्हा जीव लावण्याची ताकद तिच्यात टिकून आहे.