खर्ड्याचा पाऊस आणि कामाचं वेळापत्रक : २०१९ ते २०२५

पावसाळा म्हटला की जून ते सप्टेंबर बाजूला काढायचे आणि दसऱ्यानंतर जोर लावायचा, ही रस्ते-पुलांच्या कामांची जुनी रीत. कोकणात ती शोभते. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला ती तशीच लावली, तर वेळापत्रक दोन्हीकडून फसतं. पर्जन्यछायेतल्या या भागात जून-जुलैमध्ये मोठमोठ्या उघडिपी मिळतात, आणि अहिल्यानगर जिल्ह्याचा सर्वांत पावसाचा महिना असतो सप्टेंबर. म्हणजे ठेकेदार यंत्रं परत आणायच्या तयारीत असतो, तेव्हा इथला पाऊस रंगात येतो.

मागच्या सात वर्षांनी हे पुन्हा पुन्हा दाखवलं. २०१९ मध्ये मान्सूनने राजस्थानातून परतायला ९ ऑक्टोबर उजाडवला आणि महाराष्ट्रात शेतं-रस्ते दिवाळीतही ओले राहिले. २०२० मध्ये हवामान खात्याने मान्सूनच्या आगमन-परतीच्या सरासरी तारखा बदलल्या. मुंबईतून परतीची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या मध्याला बंगालच्या उपसागरातून आलेल्या कमी दाबाच्या पट्ट्याने शेजारचा सोलापूर जिल्हा झोडपला. २०२३ उलट निघालं. देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट त्या वर्षी झाला. चार महिने डोळे झाकून बंद ठेवलेल्या कामांनी चांगले दिवस वाया घालवले.

२०२५ ने तर दोन्ही टोकं मोडली. मान्सून २४ मे रोजी केरळात आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्रात आला. पाया आणि भराव मे अखेर उरकायचा, हा हिशेब तिथेच चुकला. पुढे जूनच्या मध्यापर्यंत मान्सूनची वाटचाल रेंगाळली. सप्टेंबरात राजस्थानातून परतीचा प्रवास १४ तारखेलाच सुरू झाल्याची बातमी आली, आणि नंतरच्या दोन आठवड्यांत सीनाकाठ आणि शेजारचे भूम-परांडा पुराखाली गेले. देशाच्या बातमीवर गावचं वेळापत्रक लावू नये, ते यासाठी.

मग राखीव दिवस काढायचे कसे? त्यासाठी खर्डा महसूल मंडळाचा रोजचा पाऊस घ्यावा. महावेध प्रकल्पाच्या स्वयंचलित केंद्रांमुळे मंडळनिहाय आकडे मिळतात. हवामान खातं २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झालेला दिवस पावसाचा मानतं. पण काळ्या मातीत पावसाचा दिवस आणि बुडालेला दिवस यांत फरक असतो. शेतकरी पेरणीला वापसा पाहतो, तसा भरावालाही पाहावा लागतो. ओलावा ठरलेल्या प्रमाणाबाहेर असेल तर रोलर कितीही फिरवा, दबाई चाचणीत उतरत नाही. समजा, सप्टेंबरात नऊ दिवस पाऊस पडला, पण तीन झडींत. प्रत्येक झडीनंतर वापशाला तीन दिवस धरले, तर बुडाले अठरा. म्हणून मोजायच्या त्या झडी. त्यातही सरासरी वर्ष न घेता दहातलं दुसरं-तिसरं वाईट वर्ष धरावं. हे दिवस वर्षभर सारखे न वाटता सप्टेंबर आणि अर्ध्या ऑक्टोबरात, भराव आणि डांबरीकरणाच्या आधी, वेगळी ओळ करून ठेवावेत. जून-जुलैच्या उघडिपीत दगडी पिचिंग किंवा जमिनीवरचं काँक्रीट चालू शकतं.

राखीव दिवसही संपले तर कागद लागतो. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या निविदांत मुदत बहुधा ‘पावसाळ्यासह’ असते. म्हणजे नेहमीचा पाऊस ठेकेदाराने किमतीत आणि मुदतीत धरलेलाच आहे. मुदतवाढ मागायची ती नेहमीपेक्षा जास्त झालेल्या खोळंब्यासाठी. बी-१ करारात अडथळा आल्यापासून तीस दिवसांत, आणि मूळ मुदत त्याआधी संपत असेल तर ती संपण्यापूर्वी, लेखी अर्ज करावा लागतो. दिवाळीनंतर एकदम लिहिलेलं पत्र इथेच अडतं.

हिंड्रन्स रजिस्टरमध्ये ‘जोरदार पाऊस, काम बंद’ एवढं पुरत नाही. एक काल्पनिक नोंद पाहा. १४ तारखेच्या संध्याकाळी ४० मिलिमीटर पाऊस. पुलाच्या पायाचा खड्डा भरला. १५-१६ ला पंप. १७ ला तळाचा गाळ काढला. १८ ला काँक्रीट सुरू. बुडाले १५ ते १७, तीन दिवस. याच काळात १६ ला सिमेंट आलं नसेल, तर तो दिवस दोन कारणांत येतो. तो दोनदा मोजायचा नाही. पाइप ओतण्याचं काम छताखाली चालू होतं, तर त्या बाबीला वाढ नाही. आणखी एक खाच : पर्जन्यमापनाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. चौदाच्या संध्याकाळचा पाऊस तक्त्यात पंधराच्या नावावर दिसतो. रजिस्टरमध्ये वेळ लिहिली नसेल, तर तपासणीत तारखा जुळत नाहीत आणि खरी नोंदही संशयास्पद ठरते.

त्याच दिवशी शाखा अभियंत्याची सही, खड्ड्याचे तारीख-वेळेसह फोटो आणि मंडळाचा तक्ता एवढं जोडलं की वाद उरतो तो फक्त दिवसांच्या संख्येचा. ६५ मिलिमीटरची ‘अतिवृष्टी’ झाल्याचा दाखला मदत करतो, पण तो पिकांच्या पंचनाम्याचा निकष आहे. सलग चार दिवस वीस-वीस मिलिमीटर पडलं, तर अतिवृष्टी होत नाही आणि भराव तरीही थांबतो. सात वर्षांचा मागोवा घेता हेच उरतं : मुदत मिळते ती किती पाऊस पडला यावर नव्हे, तर त्याने कोणतं काम किती दिवस अडवलं हे दाखवता आलं तर.