डिस्चार्जनंतरच्या औषधांचंही बिल मिळतं, पण कागद हवेत

पोशीरमधले आमचे एक चाचा जूनमध्ये ऑपरेशनसाठी बदलापूरच्या दवाखान्यात होते. ६ जूनला दाखल झाले, १० जूनला घरी आले. दवाखान्याचं बिल कॅशलेसमध्ये गेलं. विम्याचा विषय संपला असं घरच्यांना वाटलं आणि पुढची औषधं ते नेरळहून खिशातून आणत राहिले.

त्यांची पॉलिसी ‘आरोग्य संजीवनी’ होती. तिच्यात दाखल होण्याआधीचे ३० दिवस आणि डिस्चार्जनंतरचे ६० दिवस त्याच आजाराच्या औषधांचा खर्च धरतात. म्हणजे चाचांची मुदत ९ ऑगस्टपर्यंत. दुसऱ्या पॉलिसीत हे दिवस वेगळे असू शकतात, आपली उघडून बघा. मात्र दाखल न होता नुसत्या ओपीडीत घेतलेल्या औषधांचे पैसे या पॉलिसीत मिळत नाहीत.

जुलैअखेर चाचांचा मुलगा कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आला. एकूण खर्च ४,२०० रुपये, कागद तीन. पहिलं १,४५० चं छापील बिल. त्यावर चाचांचं आणि डॉक्टरांचं नाव, तारीख, औषधाचा बॅच नंबर, सगळं होतं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठीही. हे बिल पास होण्यासारखं.

दुसरा कागद ९०० चा, म्हणजे मेडिकलवाल्याने छोट्या कागदावर पेनाने मांडलेली बेरीज. ना नाव, ना बॅच नंबर. दुकानात विचारलं तर त्या दिवशी बिल काढलंच नव्हतं. मुलगा म्हणाला, “सर, मागच्या तारखेचं बनवून घेऊ का?” मी नको म्हटलं. ते खोटं बिल झालं असतं. बॅच नंबर आणि तारीख जुळली नाही की कंपनी अख्ख्या क्लेमवरच शंका घेते. ९०० गेले.

तिसरं बिल १,८५० चं. चाचांच्याच नावावर, पण त्यात ३५० च्या चाचींच्या शुगरच्या गोळ्या! घाईत आपण सगळेच असं करतो. त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत नव्हत्या, म्हणून ते पैसे वगळले. शिवाय पहिली चिठ्ठी १५ दिवसांचीच होती आणि या बिलातली औषधं त्यानंतरची. फॉलोअपला दिलेली दुसरी चिठ्ठी कपाटात सापडली, नाहीतर उरलेले १,५०० पण अडकले असते.

राहिले २,९५०. या पॉलिसीत ५ टक्के आपल्याला भरावे लागतात, म्हणून हातात आले २,८०२ रुपये ५० पैसे.

मशीनवरच्या गुळगुळीत कागदाचं बिल दोन महिन्यांत पुसट होतं, तेव्हा त्याच दिवशी झेरॉक्स काढून मूळ बिलाला टाचून ठेवा. क्लेमला मूळ बिलच द्यावं लागतं. डिस्चार्जनंतरच्या औषधांची कागदपत्रं उपचार संपल्यापासून १५ दिवसांत पोचली पाहिजेत. दाखल होण्याआधीच्या बिलांना डिस्चार्जपासून ३० दिवस मिळतात. चाचांची मे महिन्यातली बिलं त्यामुळेच हुकली, कारण पिशवी माझ्याकडे आली तोवर ती तारीख उलटून गेली होती.