आजोबांपासून निघालेल्या दोन वाटा

मामाच्या मुलीशी लग्न ही महाराष्ट्रात बऱ्याच घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत. अशा जोडप्याच्या बाळाला थॅलेसेमिया निघाला की घरचे चक्रावून म्हणतात, ‘दोन्हीकडे कुणालाच काही नव्हतं!’ ते खोटं बोलत नसतात. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. एक बिघडलेली असली तरी दुसरी काम निभावून नेते. असा माणूस धडधाकट असतो, पण आजाराचा वाहक असतो. अप्रभावी आजार होतो तो दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळाल्यावरच.

आता कागदावर वंशावळ काढू. वर आजोबा-आजी, खाली त्यांचा मुलगा आणि मुलगी. मुलाच्या लेकीचं मुलीच्या लेकाशी लग्न झालं आणि त्यांना बाळ झालं. आजोबांपासून फुटलेल्या दोन रेघा बाळापाशी परत एकमेकींना मिळतात. आजोबांची एखादी ठरावीक प्रत मुलात उतरण्याची शक्यता निम्मी, त्याच्याकडून लेकीत निम्मी, तिच्याकडून बाळात निम्मी. म्हणजे या वाटेने १/८. आत्याच्या वाटेनेही १/८. तीच प्रत दोन्हीकडून येण्याची शक्यता १/६४. आजोबांच्या दोन आणि आजीच्या दोन, अशा चार प्रती धरल्या की ४/६४, म्हणजे १/१६. हाच बाळाचा अंतःप्रजनन गुणांक. सेवॉल राइट यांनी १९२२ मध्ये तो मांडला. मामा-भाचीच्या लग्नात तो १/८ होतो. आजोबा-आजीही आधीपासून नात्यातले असतील तर आकडा आणखी चढतो, म्हणून दोन पिढ्यांवर वंशावळ थांबवू नये.

या १/१६ चा परिणाम प्रत्येक आजारात सारखा नसतो, आणि मला हीच बाब सर्वांत महत्त्वाची वाटते. समजा, एखाद्या समाजात थॅलेसेमियाचे वाहक शंभरात चार आहेत. नात्याबाहेरच्या लग्नात आजारी बाळाची शक्यता साधारण २५०० त एक येते, मामे-आतेभावंडांत ६१५ त एक. धोका चौपट झाला. पण ज्या आजाराचा वाहक पाचशेत एखादाच, तिथे दहा लाखांत एकवरून शक्यता सुमारे १६ हजारांत एकवर येते, म्हणजे साठपटीहून जास्त. आजार जितका विरळा, तितका त्याच्या रुग्णांत नात्यातल्या लग्नांचा वाटा मोठा. आर्चिबाल्ड गॅरड यांना १९०२ मध्ये अल्काप्टोन्युरियाच्या रुग्णांत हेच दिसलं होतं: बऱ्याच जणांचे आईवडील सख्खे चुलत-मामे भावंडं होते.

तरीही अशा जोडप्यांची बहुतेक मुलं निरोगी जन्मतात. जन्मजात गंभीर दोषाचा धोका एरवी शंभरात दोन-तीन असतो, तो साधारण दोन-तीनने वाढतो. लग्न ठरण्याआधी दोघांचं हिमोग्लोबिन ए२ तपासलं तर थॅलेसेमियाचे वाहक कळतात. दोघेही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात आजारी बाळाची शक्यता चारात एक असते, आणि अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन ते तपासता येतं. मात्र या एका तपासणीत बाकीचे विरळ आजार सापडत नाहीत. त्यांच्यासाठी आधी घराण्यात लहानपणी गेलेली, मुकी-बहिरी किंवा मतिमंद मुलं कोणती होती हे म्हाताऱ्या माणसांना विचारून वंशावळीत लिहावं लागतं.