बाथरूममधला गुलाबी थर: रंग जातो, मग चार दिवसांत परत का येतो?

'ही ट्रिक वापरा, पाच मिनिटांत गुलाबी डाग गायब!' असे रील्स तुम्ही पाहिलेच असतील. त्यातले काही खोटेही नसतात. ब्लीच ओतलं की साबणदाणीतला गुलाबी रंग खरंच डोळ्यांदेखत जातो. प्रॉब्लेम त्यानंतर सुरू होतो. चार-पाच दिवसांनी त्याच कोपऱ्यात, त्याच जागी तोच रंग परत दिसतो, आणि मग आपण अजून स्ट्राँग काहीतरी शोधायला लागतो. खरं तर गरज स्ट्राँग केमिकलची नसते. आपला क्रम चुकलेला असतो.

आधी हे काय आहे ते बघू. याला बरेच जण बुरशी म्हणतात, पण बहुतेक वेळा हे बॅक्टेरिया असतात. यातलं सगळ्यात प्रसिद्ध नाव सेराशिया मार्सेसेन्स. गुलाबी रंगाचे इतर बॅक्टेरिया आणि यीस्टही बाथरूममध्ये सापडतात, पण स्वच्छ करायची पद्धत सगळ्यांसाठी एकच आहे. सेराशियाचं नाव २०० वर्षं जुनं आहे. १८१९ मध्ये इटलीत पादुआच्या परिसरात मक्याच्या पिठाच्या पोलेंटावर रक्तासारखे लाल डाग दिसले आणि लोक घाबरले. बार्तोलोमेओ बिझिओ नावाच्या औषधतज्ज्ञाने दाखवून दिलं की हा चमत्कार नाही, वाढणारा एक सूक्ष्मजीव आहे. तो लाल रंग म्हणजे प्रोडिजिओसिन नावाचं रंगद्रव्य. आपल्या बाथरूममध्ये तेच पातळ थरात गुलाबी किंवा नारिंगी दिसतं.

हे बॅक्टेरिया हवेत, मातीत, पाण्यात सगळीकडे असतात. म्हणजे ते तुमच्या घरात आले कसे, या प्रश्नात फार अर्थ नाही. ते टिकले कसे, हा खरा प्रश्न. त्यांना ओलावा लागतो आणि खायला साबण-शाम्पूचा उरलेला अंश, त्वचेचं तेल, टूथपेस्टचा फेस पुरतो. साबणदाणीत हे सगळं एकाच ठिकाणी मिळतं. पावसाळ्यात टॉवेलसुद्धा वाळत नाही, तिथे साबणदाणी कशी वाळणार!

बुळबुळ हाच खरा मुद्दा

बोट फिरवल्यावर जो बुळबुळीतपणा लागतो, त्याला बायोफिल्म म्हणतात. बॅक्टेरिया ओल्या पृष्ठभागाला चिकटतात आणि स्वतःभोवती एक चिकट पदार्थ तयार करतात. त्यात मुख्यतः लांब साखळीच्या शर्करा आणि प्रथिनं असतात. ही त्यांची राहण्याची जागा पण आणि संरक्षण पण. तुम्ही वरून ब्लीच ओतलं की ते आधी या चिकट थराशी आणि साबणाच्या अंशाशी रिॲक्शन करण्यात खर्च होतं. वरचे बॅक्टेरिया मरतात, रंगद्रव्य फिकं पडतं, आणि आपल्याला वाटतं झालं काम. खालच्या थरापर्यंत मात्र ब्लीच पुरेशा ताकदीने पोहोचतच नाही. तिथे जे उरले, त्यांना परत पसरायला घरही तयार आणि खाऊही तयार.

म्हणून रंग गेला की नाही हे बघू नका, बुळबुळ गेली की नाही हे बघा. शिवाय यातले अनेक बॅक्टेरिया रंग तयारच करत नाहीत. पांढऱ्या ब्रशस्टँडच्या तळाशी काहीच दिसत नाही आणि बोटाला मात्र घसरडं लागतं, ते याच कारणाने.

इथे एक गल्लत होऊ शकते. तुमच्याकडे बोअरिंगचं पाणी असेल आणि डाग विटकरी-तपकिरी, कोरडा, बोटाला न घसरणारा असेल, तर ते लोहाचे डाग असू शकतात. त्यावर ब्लीच टाकू नका. लोहाचा डाग ब्लीचने जात नाही, उलट अजून पक्का बसू शकतो.

क्रम: घासा, धुवा, मग ब्लीच

समजा, भाड्याच्या फ्लॅटमध्ये चार जण राहताय आणि बाथरूम एकच आहे. भिंतीला लावलेली प्लास्टिकची साबणदाणी, चार ब्रश ठेवलेला एक ग्लास आणि शॉवरखालचा एक कोपरा, एवढ्या तीन जागा स्वच्छ करायच्या आहेत.

साबणदाणी आणि ग्लास काढून बादलीत घ्या. साबण आणि ब्रश बाजूला ठेवा. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब टाका आणि एका जुन्या टूथब्रशने घासायला सुरुवात करा. (त्या ब्रशवर मार्करने मोठी फुली मारा. चार जणांच्या घरात हे फार महत्त्वाचं आहे.) साबणदाणीची खालची बाजू आणि पाणी जायची भोकं सोडू नका. वरचा भाग सगळेच घासतात, थर उरतो तो खाली. कोपऱ्यात टाइल्सच्या सांध्यातून ब्रश उभा धरून फिरवा.

आता भरपूर पाण्याने धुवा आणि बोट फिरवून बघा. घसरलं तर परत घासा. याच टप्प्यावर सगळ्यात जास्त मेहनत घ्यायची. पृष्ठभाग वाळल्यावर मोबाइलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. उरलेला थर आणि साबणाचा पापुद्रा तिरप्या उजेडात मंद चमकतो, समोरून मारलेल्या उजेडात दिसत नाही.

यानंतर ब्लीच. दुकानात मिळणाऱ्या साध्या ब्लीचच्या बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट आणि त्याचं प्रमाण लिहिलेलं असतं. ते ४ टक्क्यांच्या आसपास असेल तर अर्धा लिटर साध्या पाण्यात ५० मिली पुरे. मोजायला औषधाच्या बाटलीवरचं १० मिलीचं झाकण पाच वेळा भरा, आणि ते झाकण परत औषधासाठी वापरू नका. गरम पाणी घेऊ नका, त्यात ब्लीच लवकर निकामी होतं आणि वासही जास्त येतो. बाटलीवरची तारीख पण बघा. उन्हात वर्षभर पडलेल्या ब्लीचमध्ये फारसा दम उरलेला नसतो.

साबणदाणी आणि ग्लास या पाण्यात पूर्ण बुडवून १० मिनिटं ठेवा. कोपऱ्यासाठी अडचण अशी की भिंतीवर लावलेलं पाणी लगेच खाली ओघळतं, १० मिनिटं ओलं राहतच नाही. त्यावर सोपा उपाय म्हणजे टिश्यू पेपर त्या पाण्यात भिजवून कोपऱ्यात चिकटवून ठेवणं. स्प्रे बाटलीत भरून मारू नका, बारीक तुषार नाकात-डोळ्यांत जातात. हातमोजे घाला, दार-खिडकी उघडी ठेवा, जुना टी-शर्ट घाला. १० मिनिटांनी सगळं भरपूर पाण्याने धुवा. स्टीलची साबणदाणी असेल तर वेळ संपताच लगेच धुवा, कारण ब्लीच जास्त वेळ राहिलं तर स्टीलवर ठिपके पडतात. उरलेलं पाणी साठवून ठेवू नका, पुढच्या वेळी ताजं करा.

ग्लासमधल्या टूथब्रशना मात्र ब्लीचमध्ये बुडवायचं नाही. ज्याच्या दांड्याच्या तळाला गुलाबी थर आहे, तो तसाही जुना झालेला असणार. बदलून टाका.

जे कधीच करायचं नाही

बऱ्याच घरांत बाथरूमसाठी 'ॲसिड'ची बाटली असते, किंवा टॉयलेट क्लीनर असतं. दोन्हींत बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये हा वायू श्वासनलिका आणि फुप्फुसं जाळतो. व्हिनेगर आणि लिंबूसुद्धा ॲसिडच आहेत, त्यामुळे तेही ब्लीचसोबत नकोत. अमोनिया असलेला काचेचा क्लीनरही नको. तीव्र, घशाला झोंबणारा वास आला तर साफसफाई पूर्ण करायच्या मागे लागू नका. लगेच बाहेर मोकळ्या हवेत जा. खोकला किंवा श्वासाचा त्रास थांबत नसेल तर डॉक्टरकडे जा.

रील्समधला लाडका फेस, म्हणजे बेकिंग सोडा आणि व्हिनेगर, धोकादायक नाही. पण बुडबुडे संपले की हातात उरतं ते बहुतांश पाणी आणि थोडं मीठवजा सोडियम ॲसिटेट. दोघांनी एकमेकांना संपवलेलं असतं. फेस बघायला भारी वाटतो, एवढंच.

व्हिनेगर किंवा पाण्यात विरघळवलेलं लिंबूसत्त्व एका ठिकाणी मात्र खरंच उपयोगी पडतं. जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाबरोबर मिळून पांढरा, खरखरीत पापुद्रा तयार करतं, आणि अशा खडबडीत जागेवर थर पटकन पकड घेतो. हा पापुद्रा ब्लीचने जात नाही, सौम्य ॲसिडने जातो. पण ते काम वेगळ्या दिवशी करा, मध्ये जागा भरपूर पाण्याने धुतलेली असू द्या. आणि संगमरवर किंवा कडाप्पा, शहाबादी फरशी असेल तर ॲसिड लावूच नका, दगड खराब होतो.

परत येऊ नये म्हणून

हवेतून बॅक्टेरिया येतच राहणार, त्यामुळे 'कायमचा उपाय' असं काही नसतं. आपल्या हातात आहे ते वाळवणं. सगळ्यात मोठा फरक पडतो तो साबणदाणी बदलल्याने. तळाला भोकं आणि खाली पाय असलेली घ्या, किंवा आहे त्या प्लास्टिकच्या साबणदाणीला तापवलेल्या सुईने चार भोकं पाडा. ब्रशच्या ग्लासच्या तळाशी पाणी साठतंच, त्याऐवजी ब्रश अधांतरी उभे राहतील असा स्टँड बरा. ब्रशवर घट्ट टोपी घालणं स्वच्छ वाटतं, पण आतला ओलावा तसाच राहतो. शेवटी अंघोळ करणाऱ्याने कोपऱ्यातलं पाणी वायपरने ओढायचं आणि एक्झॉस्ट फॅन थोडा वेळ चालू ठेवायचा. ड्युटी कोणाची, हे ग्रुपवर ठरवा.

एवढं करूनही दोन-तीन दिवसांत रंग दिसला, तर जागा नीट बघा. साबणदाणीच्या स्क्रूमागे, शाम्पूच्या बाटलीच्या बुडाला किंवा शॉवरच्या पडद्याच्या खालच्या घडीत थर उरलेला असतो आणि तिथून तो पसरतो.

निरोगी माणसाला या थरामुळे सहसा काही होत नाही. पण कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर गोष्ट वेगळी. सेराशिया हे लेन्स वापरणाऱ्यांच्या डोळ्यांत होणाऱ्या इन्फेक्शनचं एक ओळखीचं कारण आहे आणि लेन्सच्या डबीत ते आरामात वाढतं. डबी बाथरूममध्ये ठेवू नका, नळाच्या पाण्याने धुऊ नका, लेन्सच्याच सोल्यूशनने धुवून उघडी उपडी वाळवा आणि दर तीन महिन्यांनी बदला. डोळा लाल होऊन दुखायला लागला, उजेड सहन होईना, तर लेन्स काढा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. जाताना ती डबी सोबत न्या.