एकूण रकमेतून कर वेगळा काढताना

मिक्सरच्या बिलाचा मोबाइलवर काढलेला फोटो समोर आहे. त्यात दोनच गोष्टी वाचता येतात: एकूण ३,४९९ रुपये, 'जीएसटी १८ टक्के समाविष्ट'. मूळ किंमत किती आणि कर किती?

बहुतेक जण ३,४९९ चे १८ टक्के काढतात. ६२९.८२ रुपये येतात, आणि इथेच गफलत होते. कर लागतो मूळ किमतीवर, एकूण रकमेवर नाही. मूळ किंमत १०० धरली तर एकूण रक्कम ११८ होते. म्हणून ३,४९९ ला १.१८ ने भागायचे. उत्तर २,९६५.२५ रुपये, उरलेले ५३३.७५ रुपये म्हणजे कर. दर ५ टक्के असेल, तर १.०५ ने भागा.

ताळा सोपा आहे. २,९६५.२५ वर १८ टक्के लावून बेरीज केली की ३,४९९ परत मिळतात. चुकीच्या रीतीने आलेल्या २,८६९.१८ वर तेच केले, तर ३,३८५.६३ वरच गाडी थांबते.

फोटोत फक्त 'सीजीएसटी ९%' दिसत असेल, तर जपून. राज्यातल्या राज्यात झालेल्या विक्रीवर तेवढाच एसजीएसटीही असतो, म्हणून भागायचे १.१८ नेच. दोन्ही कर वेगळे मोजून पैशांत पूर्ण केले, तर प्रत्येकी २६६.८७ येतात आणि बेरजेत एक पैसा कमी पडतो. ती चूक नव्हे.

मात्र एकाच बिलात वेगवेगळ्या दरांच्या वस्तू असतील, तर नुसत्या एकूण रकमेवरून कर काढता येत नाही. तेव्हा दुकानदाराकडून तपशीलवार बिलच मागून घ्या.